विटांच्या भिंतीवर निऑनची कपबशी

निऑनची पाटी म्हणजे आचेवर तापवून वाकवलेली काचेची नळी. जॉर्ज क्लोद या फ्रेंच संशोधकाने १९१० साली पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात अशा नळ्या लोकांसमोर आणल्या. काचेच्या अटी तेव्हा होत्या त्याच आजही आहेत. नळीची जाडी सगळीकडे सारखी राहते, तिला टोकदार कोपरा जमत नाही आणि एक नळी दुसरीतून आरपार जात नाही. फोटोवरून कॉम्प्युटरवर निऑनचं चित्र करताना या अटी पाळल्या तरच ते खरं वाटतं. चकाकीचं काम त्यानंतरचं.

जिम्प या मोफत प्रोग्रॅममध्ये वाफाळत्या कपबशीचं चित्र करून पाहू. फोटो बाजूने काढलेला हवा, म्हणजे कपाचा आकार चटकन ओळखू येतो. विटांच्या भिंतीचाही एक फोटो लागेल, साधारण २००० पिक्सेल रुंदीचा. भिंतीच्या लेअरची एक प्रत करून बाजूला लपवून ठेवा, ती पुढे लागणार आहे. मूळ लेअर `Levels` वापरून बराच काळोखा करा, पण विटांमधले सांधे पुसट दिसत राहतील इतपतच.

आता कपबशीचा फोटो भिंतीवर अर्धवट पारदर्शक करून ठेवा आणि `Paths` या साधनाने आकार गिरवा. कडा आपोआप शोधणारे फिल्टर इथे कामाचे नाहीत. त्यांना कपाची कड आणि कपाची सावली यांतला फरक कळत नाही, शिवाय जाड कडेच्या दोन्ही बाजूंना ते वेगवेगळ्या रेषा काढतात. हाताने गिरवताना ओठाची लंबगोल रेषा, कपाच्या दोन बाजू, कान, बशीची एक लांब वक्ररेषा आणि वाफेची दोन वळणं पुरेशी होतात. कपावरची नक्षी सोडून द्या. कान जिथे कपाला मिळतो तिथे रेषा किंचित आधी थांबवा. ही छोटी फट राहिली की तिथे नळी संपली हे डोळ्याला पटतं. वाफेसाठी वेगळा पाथ करा, कारण तिचा रंग वेगळा असेल.

नव्या पारदर्शक लेअरवर `Stroke Path` ने १८ पिक्सेल जाडीची रेषा काढा. टोकं आणि सांधे गोलाकार निवडा. निऑन वायूचा स्वतःचा प्रकाश तांबडा-नारिंगी असतो, म्हणून कपबशीला `#ff4a1c` शोभतो. निळा उजेड आर्गॉन आणि पाऱ्याच्या वाफेतून येतो, तो चहाच्या वाफेला द्या. पेटलेल्या नळीच्या फोटोत मधला भाग फिका दिसतो, कारण तिथला प्रकाश कॅमेऱ्याला झेपत नाही आणि रंग फक्त कडेला उरतो. त्यासाठी वरच्या लेअरवर त्याच पाथवर ७ पिक्सेलची जवळजवळ पांढरी रेषा ओढा आणि ती जराशी धूसर करा.

मग रंगीत लेअरच्या दोन प्रती काढून त्यांना `Gaussian Blur` द्या, एकीला १२ आणि दुसरीला ६०, आणि दोन्हींचा मोड `Screen` ठेवा. पहिलीने नळीलगतचा झगमगाट येतो, दुसरीने भोवतीची मंद आभा. धूसरपणा पसरतच नसेल तर लेअरचा `Lock alpha channel` चालू राहिला आहे का ते पाहा. आभा सरळ रेषेत कापल्यासारखी दिसली तर लेअर चित्रापेक्षा लहान आहे, `Layer to Image Size` ने तो वाढवा.

बहुतेक चित्रं इथे थांबतात आणि म्हणून चिकटवल्यासारखी दिसतात. खरी नळी आधारांवर भिंतीपासून थोडी पुढे बसवलेली असते, आणि तिच्या उजेडात मागच्या विटा उजळतात. आता ती लपवलेली उजळ भिंत नळ्यांच्या खाली आणि काळोख्या भिंतीच्या वर आणा. तिला नारिंगी छटा देऊन काळा `Layer Mask` लावा. मास्कवर कपबशीच्या पाथवरून १२० पिक्सेलची पांढरी रेषा काढा आणि ८० ने धूसर करा. नळीमागच्या विटांचा खडबडीतपणा उजळून वर येतो आणि दूरच्या विटा अंधारात राहतात. वाफेमागे हेच निळ्या छटेने करा. विटांचे सांधे उजेडात बुडून दिसेनासे झाले, तर या लेअरची `Opacity` कमी करा.

शेवटी चकाकीचे सगळे लेअर लपवून फक्त १८ पिक्सेलच्या रेषा पाहा. प्रत्येक रेषेवर बोट ठेवून विचारा: ही नळी कुठे सुरू होते, कशी वळते, कुठे संपते? ज्या रेषेचं उत्तर मिळत नाही ती पुन्हा गिरवावी लागेल. माणसाच्या चेहऱ्याच्या फोटोत अशा रेषा जास्त निघतात, कारण केस आणि गालांच्या सावल्यांना ठाम कडा नसते. तिथे कपाळापासून हनुवटीपर्यंतची एका बाजूची रेषा, चष्मा आणि ओठ एवढंच घ्यावं.