‘किंवा’च्या आड काय दडलंय?

‘मृत्यू, हार्ट अटॅक किंवा तातडीची अँजिओप्लास्टी यांचं प्रमाण ६८ टक्क्यांनी घटलं.’ असं वाक्य वाचलं की डोळा पहिल्या शब्दावर अडकतो आणि शेवटच्या आकड्यावर येऊन थांबतो. मधला ‘किंवा’ कुणी वाचतच नाही. वाचणारा ते वाक्य शेजाऱ्याला सांगेपर्यंत त्या ‘किंवा’चा ‘आणि’ झालेला असतो, म्हणजे मृत्यूही घटले, अटॅकही घटले. प्रत्यक्षात काय घटलं होतं हे पाहायचं तर त्या अभ्यासाचा तक्ता उघडावा लागतो.

अभ्यासाचं नाव फेम-२. बेल्जियममधल्या आल्स्टचे हृदयरोगतज्ज्ञ बर्नार्ड डी ब्रुइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोप-अमेरिकेतल्या रुग्णालयांत तो केला आणि २०१२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्ण ‘स्थिर’ हृदयविकाराचे होते: जिना चढताना छातीत दाटून येतं, बसलं की थांबतं, अशा प्रकारचे. त्यांच्या धमनीतल्या अरुंद जागेच्या पलीकडे दाब मोजणारी बारीक तार नेली जायची. अडथळ्याच्या पलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या ०.८० पट किंवा त्याहून कमी भरला, तर ब्लॉकेज खरोखर रक्त अडवतंय असं धरायचं. अशा ८८८ जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. ४४७ जणांना स्टेंट आणि औषधं, ४४१ जणांना नुसती औषधं.

आता मोजायचं काय? खरा प्रश्न होता, माणसं जगतात का आणि त्यांना अटॅक येतो का. पण स्थिर रुग्णांत, चांगली औषधं चालू असताना, मृत्यू इतके कमी होतात की त्यांतला फरक दिसायला कित्येक हजार माणसं आणि बरीच वर्षं लागतील. म्हणून संशोधक तीन गोष्टींची मोट बांधतात: मृत्यू, हार्ट अटॅक, आणि तातडीने करावी लागलेली अँजिओप्लास्टी किंवा बायपास. यांपैकी काहीही झालं की एक घटना मोजायची. यालाच एकत्रित निकष म्हणतात. यात लबाडी काहीच नाही. हृदयरोगाच्या बहुतेक मोठ्या चाचण्या अशाच चालतात. फक्त मोट बांधताना तिन्ही गोष्टींचं वजन सारखं धरलं जातं. माणूस गेला तरी एक घटना आणि माणूस रुग्णालयात जाऊन स्टेंट घालून चालत घरी आला तरी एकच घटना.

तक्त्यातली पहिली ओळ अशी: स्टेंटच्या गटात १९ जणांना काही ना काही झालं, औषधांच्या गटात ५६ जणांना. वरचे ६८ टक्के इथून, काळाचा हिशेब धरून, आलेले आहेत. आता बोट खाली सरकवू. मृत्यू: १ आणि ३. हार्ट अटॅक: १५ आणि १४, म्हणजे स्टेंटवाल्यांतच एक जास्त. तातडीची अँजिओप्लास्टी वा बायपास: ७ आणि ४९.

सगळा खेळ तिसऱ्या ओळीत आहे. दोन गटांत ३७ घटनांचा फरक पडला, तो जवळजवळ सगळा तातडीच्या उपचारांनी आणला. (खालच्या ओळींची बेरीज २३ आणि ६६ येते, वर मात्र १९ आणि ५६ आहेत. छपाईची चूक नव्हे ती. अटॅक आला म्हणून तातडीने स्टेंट घातलेला माणूस खाली दोन ओळींत दिसतो, वर एकदाच.)

आता ही तिसरी ओळ मृत्यूसारखी टणक आहे का? मृत्यूबद्दल वाद होत नाही. अटॅकसाठी रक्ततपासणी असते. ‘तातडी’ मात्र कुणीतरी ठरवायची असते. या चाचणीत कुणाला स्टेंट घातला आणि कुणाला नाही, हे रुग्णालाही ठाऊक होतं आणि त्याच्या डॉक्टरलाही. औषधांच्या गटातल्या माणसाला सांगितलं होतं की तुझं ब्लॉकेज महत्त्वाचं आहे आणि ते तसंच ठेवलंय. रात्री दोन वाजता त्याच्या छातीत कळ आली तर तो काय करेल? आणि समोरचा डॉक्टर, ज्याच्या फाइलमध्ये दाबाचा तो आकडा लिहिलेला आहे, तो काय करेल? स्टेंटवाल्याला तशीच कळ आली तर ‘गॅस झाला असेल, नळी तर उघडलीय’ म्हणून दोघेही सकाळपर्यंत थांबू शकतात. घटना तपासणाऱ्या समितीला गट माहीत नव्हता हे खरं, पण रुग्णालयाच्या दारात पाऊल टाकण्याचा निर्णय तिच्या आधीच झालेला असतो.

किती ‘तातडी’ कशामुळे ठरली, हेही संशोधकांनी नोंदवलंय. दोन्ही गट मिळून तातडीचा उपचार झाला ५६ जणांवर (वरच्या ५६शी याचा संबंध नाही, निव्वळ योगायोग). त्यांतले १२ अटॅक आलेले, १५ जणांच्या ईसीजीत बदल दिसलेला, आणि उरलेले २९ केवळ लक्षणांवरून ठरवलेले. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा छातीतलं दुखणं आणि डॉक्टरचा अंदाज, एवढाच आधार होता. अशा घटकाला या क्षेत्रात ‘सॉफ्ट’ म्हणतात. सॉफ्ट म्हणजे खोटा नव्हे. त्याचा आकार मोजणाऱ्याच्या हाताप्रमाणे बदलतो, इतकंच.

मला सगळ्यात खटकते ती पुढची गोष्ट. १,६३२ रुग्ण घ्यायचे ठरले होते. पण देखरेख समितीला १९ आणि ५६ मधली दरी इतकी मोठी दिसली की जानेवारी २०१२ मध्ये नवे रुग्ण घेणं थांबवलं गेलं. तेव्हा रुग्णांचा सरासरी पाठपुरावा सातेक महिन्यांचाच झाला होता. समितीचा हेतू रास्त होता, पण दरी उघडली ती सॉफ्ट ओळीने, आणि तिच्यामुळे मृत्यू व अटॅकच्या ओळी अर्ध्यावर राहिल्या. चार मृत्यूंवरून कुणी काय ठरवणार?

संशोधकांच्या बाजूने एक सांगायला हवं. त्यांनी लेखाच्या निष्कर्षात ‘तातडीच्या उपचारांची गरज कमी झाली’ एवढंच लिहिलं, मृत्यूचं श्रेय घेतलं नाही. घसरण होते ती पुढे, तेच निष्कर्ष एका ओळीत दुसऱ्याला सांगताना.

याच रुग्णांचा पाच वर्षांचा हिशेब २०१८ मध्ये आला. मृत्यू ५.१ टक्के आणि ५.२ टक्के. तातडीचे उपचार ६.३ आणि २१.१. अटॅक मात्र ८.१ आणि १२.०, म्हणजे स्टेंटच्या बाजूने झुकलेले, तरी योगायोगाची शक्यता पुसून टाकण्याइतके नव्हेत. त्यानंतर भारतासह अनेक देशांतल्या ५,१७९ स्थिर रुग्णांवर झालेल्या इस्किमिया चाचणीत अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणे स्टेंट वा बायपास केलेल्या गटात १४५ मृत्यू झाले, आधी औषधंच दिलेल्या गटात १४४.

मग स्टेंट निरुपयोगी का? नाही. लुटुपुटीच्या शस्त्रक्रियेशी तुलना करणाऱ्या २०२३च्या ऑर्बिटा-२ चाचणीत, अंजायनाची औषधं थांबवलेल्या रुग्णांचं छातीतलं दुखणं स्टेंटने खरोखर कमी झालं. शिवाय मध्यरात्री रुग्णालय गाठण्याची वेळ टळणं, हाही छोटा फायदा नाही, विशेषतः कॅथलॅब ज्याच्या घरापासून तीन तासांवर आहे त्याच्यासाठी. पण ही स्थिर आजाराची गोष्ट झाली. अटॅक चालू असताना घातलेल्या स्टेंटचा हिशेब वेगळा, तिथे तो जीव वाचवतो. अँजिओग्राफीच्या टेबलावरून बाहेर येऊन कुणी घरच्यांना सही मागतं, तेव्हा विचारायचं ते हेच: आत्ता अटॅक चालू आहे का, आणि नसेल तर या स्टेंटने तिन्हींतली नेमकी कुठली ओळ बदलणार आहे?