शेजारच्या दुकानाने भाव पाडला तर?

गेम थिअरीच्या सुरुवातीच्या स्लाइडांमध्ये चार चौकोनांचा एक तक्ता असतो आणि सोबत दोन कैद्यांची गोष्ट. खेळ मांडला तो १९५० साली रँड संस्थेत मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी. त्याला कैद्यांची गोष्ट जोडली गणितज्ञ अल्बर्ट टकर यांनी. कैद्यांच्या जागी शेजारशेजारचे दोन किराणा दुकानदार ठेवले, तर तो तक्ता अधिक सहज उलगडतो.

समजा, तूरडाळ दोघांनाही १४० रुपये किलोने पडते. दोघे १६०ला विकतात, रोज पन्नास-पन्नास किलो खपते, म्हणजे प्रत्येकी १००० रुपये नफा. आता एकाने भाव १५४ केला. तीस किलोचे गिऱ्हाईक त्याच्याकडे वळले, तर ऐंशी किलोवर त्याला ११२० सुटतात आणि शेजाऱ्याच्या हाती उरतात ४००. दोघांनीही १५४ लावले, तर गिऱ्हाईक पुन्हा निम्मेनिम्मे आणि नफा प्रत्येकी ७००.

पहिल्या दुकानदाराच्या जागी बसून पाहावे. शेजारी १६०वर ठाम असेल, तर पाडण्यात १००० ऐवजी ११२०. शेजाऱ्याने पाडला असेल, तर न पाडल्यास ४००, पाडल्यास ७००. शेजारी काहीही करो, पाडणेच फायद्याचे. शेजारीही नेमका हाच हिशेब करतो, आणि दोघे ७००वर येऊन थांबतात.

या थांबण्यालाच नॅश समतोल म्हणतात. जॉन नॅश यांनी तो १९५० साली मांडला. ओळखण्याची रीत सोपी: एकट्याने आपला निर्णय बदलला, तर त्याला काही फायदा होतो का? ७००वरून एकट्याने भाव वाढवला तर ४००वर घसरण होते. म्हणून तो समतोल. १०००-१०००च्या चौकोनातून मात्र एकट्याने हलणाऱ्याला १२० जास्त मिळतात. म्हणून तो दोघांनाही बरा असूनही टिकत नाही. समतोल म्हणजे सर्वांत चांगला निकाल, असा समज अनेकांचा होतो, तो इथे मोडतो.

हा पेच सगळीकडे लागू होतो असे मात्र नाही. उधारीच्या वहीमुळे किंवा जुन्या ओळखीमुळे दहाच किलोचे गिऱ्हाईक हलले, तर पाडणाऱ्याला साठ किलोवर ८४० मिळतात, म्हणजे आधीपेक्षा कमीच. मग भाव पाडण्यात अर्थ उरत नाही.

शिवाय दुकान रोज उघडते. फळ्यावरचा भाव शेजाऱ्याला लगेच दिसतो. आज कमावलेले जादा १२० रुपये उद्यापासून रोजच्या ३०० रुपयांच्या तोट्यात जातात. हे ओळखून दोघेही, एकमेकांशी न बोलता, १६०वर राहू शकतात. गुपचूप दिलेली सूट हे गणित बिघडवते. ती पंधरा दिवस लपली, तर १८०० रुपये जादा मिळतात. शेजाऱ्याने उत्तरादाखल भाव पाडल्यावर ते सहा दिवसांत फिटतात, आणि सातव्या दिवसापासून निव्वळ तोटा सुरू होतो.