पलटणीतून कारखान्यात : एका कव्हर लेटरची बांधणी

समजा, सातारा जिल्ह्यातला एक लेफ्टनंट कर्नल २२ वर्षांच्या सेवेनंतर लष्करातून बाहेर पडतो आहे. चाकणमध्ये मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याला प्रशासन विभागाचा मॅनेजर हवा आहे. कॅन्टीन, कामगारांच्या बसगाड्या, सुरक्षारक्षक, साफसफाई, इमारतीची देखभाल आणि या सगळ्यांच्या कंत्राटदारांचे करार सांभाळायचे, असं जाहिरातीत लिहिलं आहे. आपल्या या अधिकाऱ्याने आयुष्यभर जे केलं, त्यातलं बरंचसं हेच आहे. तरीही त्याच्या पत्राचा पहिला खर्डा वाचून हे कुणाच्या ध्यानात येणार नाही.

याचं पहिलं कारण त्याच्या लिहिण्याच्या वळणात आहे. लष्करात पत्र लिहिण्याची ठरलेली शिस्त असते. परिच्छेदांना क्रमांक, ठरावीक संक्षेप, आणि 'मी केलं' असं न म्हणता 'करण्यात आलं' अशी वाक्यं. त्या जगात हे योग्यच आहे, कारण आदेश कुणी लिहिला यापेक्षा त्याचा एकच अर्थ निघणं महत्त्वाचं असतं. कंपनीतल्या एचआर अधिकाऱ्याला मात्र नेमकं उलटं हवं असतं. या माणसाने स्वतः काय केलं, हे तिला पहिल्या काही ओळींतच दिसलं पाहिजे. खर्ड्यात तिला दिसतं ते असं : इन्फन्ट्री बटालियनचा सेकंड-इन-कमांड, त्याआधी कंपनी कमांडर, त्याआधी क्वार्टरमास्टर, मग शिस्त, निष्ठा आणि नेतृत्व हे तीन शब्द. पदं भारदस्त आहेत, पण त्या पदांवर बसून माणूस सकाळी नऊ वाजता काय करतो, ते तिला ठाऊक नाही. शिस्त आणि निष्ठा तर प्रत्येकच अर्जात असतात.

माझ्या मते या पत्राचा गाभा क्वार्टरमास्टरच्या काळात आहे. अधिकारी नेमका तोच काळ एका ओळीत उरकतात, कारण पलटणीत मान कमांडला असतो. क्वार्टरमास्टरकडे शिधा, कपडे, राहण्याची जागा, भांडार असं सगळं असतं. त्याची सकाळ परेड स्टेटने सुरू होते. आज किती जवान हजर, किती रजेवर, किती कोर्सला, किती इस्पितळात, याचा तो हिशेब. जेवणाऱ्यांच्या आकड्यावर शिधा उचलला जातो, म्हणून आकडा चुकला तर कुठे अन्न कमी पडतं, नाहीतर वहीत एक आणि कोठारात दुसरंच निघतं. चाकणच्या कारखान्यातही कॅन्टीनचा प्रश्न हाच आहे. तीन पाळ्या, रोज बदलणारी हजेरी आणि ताटांच्या संख्येवर बिल लावणारा कंत्राटदार. म्हणून पत्रात असं यावं : 'सुमारे ८०० माणसांच्या युनिटमध्ये रोजच्या हजेरीवरून अन्नाची मागणी ठरवणं, आलेला माल तपासून घेणं आणि कोठारातल्या साठ्याचा वहीशी मेळ घालणं हे माझं काम होतं. आपल्या कॅन्टीनची बिलं पाळीनिहाय हजेरीशी ताडून पाहण्याची पद्धत मी बसवू शकेन.' पत्र बहुधा इंग्रजीत जाईल, पण वाक्याची घडण हीच राहील. आधी केलेलं काम, मग त्याचा तुमच्याकडचा उपयोग.

लडाखमधल्या नेमणुकीचंही तसंच. खर्ड्यात 'उंचावरील खडतर भागात सेवा' एवढंच आहे. वाचणाऱ्याला आदर वाटेल, पण त्यातून काम कळणार नाही. हिवाळ्यात खिंडी बर्फाने बंद होतात. तेव्हा अन्न, रॉकेल, औषधं आधीच वर पोचवावी लागतात, आणि एखादी गोष्ट विसरली तर ती आणायला रस्ता नसतो. गरजेचा अंदाज, वाहतुकीचा क्रम आणि मुदतीआधी साठा पूर्ण करणं, एवढं दोन वाक्यांत लिहिलं की पुरवठ्याचं नियोजन जाणणारा कोणीही थांबून वाचेल. मात्र चौकीचं नाव, नेमका साठा, तैनातीची संख्या पत्रात येऊ नये. गोपनीयतेचं बंधन निवृत्तीनंतरही सुटत नाही.

आता कमांडकडे येऊ. कंपनी कमांडरच्या हाताखाली शंभरावर माणसं असतात, आणि त्याच्या शब्दामागे १९५० चा आर्मी अ‍ॅक्ट उभा असतो. कारखान्यात यातलं काहीच नाही. सुरक्षारक्षक एजन्सीचे, सफाई कामगार कंत्राटदाराचे, बसचालक तिसऱ्याचेच. त्यांना थेट हुकूम सोडणं कायद्याच्याही दृष्टीने अडचणीचं आहे. खऱ्या अर्थाने त्यांना कामावर ठेवणारा कोण, असा वाद त्यातून उभा राहतो. इथे काम होतं ते करारातल्या अटींनी, त्या रोज तपासण्याने आणि बिल मंजूर करण्याच्या अधिकाराने. म्हणून 'शेकडो जवानांचं नेतृत्व केलं' हे वाक्य एकटं सोडलं, तर ते अर्जदाराच्या विरोधात जाऊ शकतं. वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न येतो, हे साहेब वयाने दहा-पंधरा वर्षं लहान असलेल्या प्लँट हेडचं ऐकतील का?

त्या प्रश्नाचं उत्तर अनुभवातूनच द्यावं. पलटणीतही सगळं हुकमाने होत नाही. इमारतीची दुरुस्ती एमईएसकडे असते आणि एमईएस काही बटालियनच्या हाताखाली नसतं. पावसाळ्याआधी बराकींची गळती थांबवायची, तर पाहणी करून यादी द्यावी लागते, पाठपुरावा करावा लागतो, झालेलं काम तपासून घ्यावं लागतं. जिथे हुकूम चालत नव्हता तिथे काम कसं करून घेतलं, याचा असा एक प्रसंग पत्रात असावा. दुसरा सैनिक संमेलनाचा. तिथे जवान सगळ्यांसमोर उभा राहून आपली अडचण मांडतो आणि तिचा निकाल लावावा लागतो. कंत्राटी कामगारांच्या तक्रारी हाताळण्यासाठी याहून चांगला सराव मिळणं कठीण.

शिस्त हा शब्द मी पत्रातून काढून टाकेन आणि तिच्या जागी हँडिंग-टेकिंग ओव्हरबद्दल लिहीन. बदली झाली की भांडारातली वस्तू न् वस्तू मोजून, तुटवडा नोंदवून, सही करून ताबा दिला जातो. कारखान्यात कंत्राटदार बदलताना हेच हवं असतं. पंप किती चालू, किल्ल्या कुणाकडे, अग्निशामक नळकांड्यांची मुदत कधी संपते. ही मोजणी ज्याच्या अंगवळणी पडली आहे, त्याला शिस्तीचं विशेषण लावावं लागत नाही.

जे येत नाही, तेही लिहावं. कंत्राटी कामगारांचा पीएफ आणि ईएसआय भरला गेला की नाही, हे मूळ कंपनीला पाहावंच लागतं, कारण कंत्राटदाराने चुकवलं तर जबाबदारी तिच्यावर येते. पलटणीत हा विषय सहसा समोर येत नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, तेही नव्याने शिकायचं. पुनर्वसन महासंचालनालय निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांना आयआयएमसारख्या संस्थांमधून २४ आठवड्यांचा व्यवस्थापन अभ्यासक्रम करू देतं. तो केला असेल तर नुसतं नाव न देता, कामगार कायदा आणि खर्चाचा हिशेब यांतलं काय शिकलो, ते एका वाक्यात सांगावं. न आलेली गोष्ट येते म्हणून लिहिली, तर मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ती उघडी पडते.

एवढं सगळं एका पानात, चार परिच्छेदांत बसतं. शौर्यपदक असेल तर ते बायोडेटात आपल्या जागी असावं, पत्राच्या सुरुवातीला नको. शेवटी निवृत्तीची तारीख आणि कधीपासून रुजू होता येईल ते स्पष्ट लिहावं. सही करताना हुद्दा नावाआधी आणि 'निवृत्त' नावानंतर कंसात, एवढाच लष्करी रिवाज पाळावा.