महिन्याला किती जमेल?

एडिसन, न्यू जर्सी

इथला सेल्समन गाडीची किंमत सांगायच्या आधी विचारतो, "महिन्याला किती जमेल?" नाशिकला आपण ऑन-रोड किंमत विचारतो, बँकेचा दर काढतो आणि गाडी दहा वर्षं वापरायची हे धरूनच चालतो. आपल्याकडे लीज ऐकू येते ती बहुधा कंपनीच्या पगारात, कर वाचवायला. इथे घरगुती ग्राहकही सर्रास तीन वर्षांसाठी गाडी लीजवर घेतो, परत करतो, नवी उचलतो.

नुकत्याच नोकरीला लागलेल्या एखाद्या नाशिककराचा हिशेब मांडू. गाडी ३०,००० डॉलरची, डाउन पेमेंट शून्य. इथला ६.६२५ टक्के विक्रीकर धरून साधारण ३२,००० चं कर्ज, ७ टक्क्यांनी पाच वर्षं. हप्ता ६३४ डॉलर. लीजमध्ये तीन वर्षांनी गाडी १७,४०० ची उरेल असं कंपनी आधीच ठरवते आणि मधली घट, व्याज व कर मिळून महिन्याला ५४३ घेते. व्याजदर मात्र टक्क्यांत लिहिलेला नसतो. 'मनी फॅक्टर' ०.००२९ असा निरुपद्रवी आकडा दिसतो. त्याला २४०० ने गुणलं की तेच जवळपास ७ टक्के निघतात.

महिन्याला ९० डॉलर वाचले, असं वाटतं. पण पाच वर्षांत कर्जवाला ३८,००० भरतो आणि त्याच्या दारात गाडी असते. ती १३,५०० ला गेली आणि वॉरंटी संपल्यावर दुरुस्तीला २,००० लागले, तरी निव्वळ खर्च २६,५००. लीजवाला तेवढ्याच काळात, परतीच्या शुल्कासह, ३३,००० भरतो. शिवाय पाच वर्षं तीनच्या पाढ्यात बसत नाहीत, त्यामुळे दुसऱ्या लीजचं एक वर्ष डोक्यावर राहतं. कर्जवाल्याची गाडी ७,००० ला विकली गेली, तर कुठे दोघांची बरोबरी.

नोकरीचा आणि व्हिसाचा भरवसा नाही म्हणून लीज बरी, असं इथली आपली मंडळी म्हणतात. मला ते उलटं वाटतं. कर्जाची गाडी मध्येच विकून बँकेचे पैसे फेडता येतात. लीज मध्येच मोडली तर उरलेले हप्ते आणि वर दंड अंगावर येऊ शकतात. मैलांचीही मर्यादा असते. वर्षाला १२,००० मैलांचा करार करून १५,००० चालवले, तर मैलाला २० सेंटच्या दराने तीन वर्षांत १,८०० डॉलर.

विजेच्या गाडीचं गणित मध्यंतरी वेगळं होतं. लीजच्या गाडीवर ७,५०० डॉलरची सरकारी सवलत ती भाड्याने देणाऱ्या कंपनीला मिळे आणि बऱ्याचदा ती हप्त्यातून वजा होई. विकत घेणाऱ्याला तीच सवलत उत्पन्नाच्या आणि गाडी कुठे बनली याच्या अटींमुळे अनेकदा हुकायची. ३० सप्टेंबर २०२५ नंतरच्या व्यवहारांसाठी ती सवलत बंद झाली.