किती विकलं आणि किती आठवड्यांचं उरलं

तयार कपडे नासत नाहीत, पण शिळे होतात. मार्चमध्ये बाराशे रुपयांना हातोहात जाणारा सुती कुर्ता जूनच्या पहिल्या सरीनंतर त्याच हँगरवर सहाशेलाही पडून राहतो. म्हणून या धंद्यात महिन्याचा हिशेब उशिराचा ठरतो. तीन महिन्यांच्या मोसमात एक महिना हातचा गेला, तर सुधारायला उरतं काय? मोठ्या साखळी दुकानांपासून चार शहरांत चार दुकानं असलेल्या व्यापाऱ्यापर्यंत ज्यांना हे नीट कळलं आहे, ते आठवड्याचा हिशेब धरतात. रविवारची विक्री संपली की सोमवारी सकाळी प्रत्येक स्टाइलसमोर दोन आकडे मांडायचे.

पहिला आकडा सेल-थ्रूचा. आलेल्या मालापैकी किती टक्के विकला गेला, एवढंच तो सांगतो. सहाशे कुर्ते आले, दीडशे गेले, तर सेल-थ्रू २५ टक्के. दुसरा वीक्स ऑफ सप्लाय, ज्याला बोलताना नुसतं ‘कव्हर’ म्हणतात. हातातला साठा सध्याच्या वेगाने किती आठवडे पुरेल, ते त्यातून कळतं. साडेचारशे उरले आणि आठवड्याला पन्नास जातात, तर कव्हर नऊ आठवड्यांचं. पहिला आकडा मागे पाहतो, दुसरा पुढे. भागाकार शाळेतल्या मुलालाही जमेल असा आहे. अवघड आहे ते भागाकाराच्या आत काय दडलंय ते ओळखणं.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा, पुणे, नाशिक, कोल्हापूर आणि नागपूर इथे दुकानं असलेल्या एका व्यापाऱ्याने उन्हाळ्यासाठी दोन कुर्ते घेतले, एक अंजिरी आणि एक मोरपंखी. दोन्ही सहाशे-सहाशे पीस, किंमत बाराशे, मार्चच्या पहिल्या आठवड्यात दुकानात. पूर्ण किमतीला विकायला बारा आठवडे, त्यानंतर सेल. चार आठवडे संपले तेव्हा दोन्ही स्टाइलचे १६० पीस विकले गेले होते. सेल-थ्रू दोन्हीकडे जवळपास २७ टक्के, उरलेला साठा दोन्हीकडे ४४०. चार आठवड्यांची सरासरी विक्री चाळीस, म्हणजे कव्हरही दोन्हीकडे अकरा आठवड्यांचं. कागदावर अगदी जुळी भावंडं.

आता आठवडे सुटे करून पाहा. अंजिरी कुर्त्याची विक्री ३०, ३५, ४५, ५० अशी चढत गेली. मोरपंखीची ७०, ४५, २८, १७ अशी उतरत आली. शेवटच्या आठवड्याचा वेग धरला तर अंजिरीचं कव्हर नऊ आठवड्यांच्या आत येतं आणि मोरपंखीचं सव्वीसवर जातं. मोसमाचे आठवडे उरलेत आठ. कव्हर चांगलं की वाईट हे त्या आकड्यावरून कधीच ठरत नाही, उरलेल्या आठवड्यांशेजारी ठेवल्यावरच ठरतं. अंजिरी कुर्ता आठवड्याला पंचावन्नच्या वेगाने गेला तर बरोबर वेळेत संपेल. मोरपंखीचा मात्र ढीग राहणार, असं दिसतं.

म्हणून सरासरी किती आठवड्यांची घ्यायची हा प्रश्न वरवरचा नाही. चार आठवड्यांची सरासरी शांत असते, पण उतार लपवते. एका आठवड्याचा आकडा जागा असतो, पण एका लग्नाच्या खरेदीनेही उसळतो. माझ्या मते दोन्ही शेजारी ठेवावेत आणि त्यांच्यात फार अंतर पडलं की थांबून विचार करावा. ते अंतर हीच खरी बातमी असते.

मोरपंखीच्या बाबतीत बहुतेक दुकानदार इथे निष्कर्ष काढून मोकळे होतात: स्टाइल पडली, किंमत उतरवा. पण हा निर्णय घेण्याआधी तोच आकडा दुकानाप्रमाणे आणि साइजप्रमाणे फोडायला हवा. आपल्या उदाहरणात प्रत्येक दुकानाला दीडशे पीस गेले होते, पाच साइज, प्रत्येकी तीस. असं समान वाटप का झालं? कारण घाऊक बाजारात कुर्ते बहुधा सेटमध्ये मिळतात, प्रत्येक साइजचा एक पीस. सेट घेणं सोपं, पण दुकानात येणारी गिऱ्हाइकं काही सेटने येत नाहीत. एम आणि एल मागणाऱ्या बायका एस आणि डबल एक्सएल मागणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात.

पुण्याच्या दुकानात मोरपंखी कुर्ता पहिल्या आठवड्यात पन्नास गेला, दुसऱ्यात सव्वीस, मग नऊ, मग तीन. बाकीच्या तिन्ही दुकानांची मिळून विक्री मात्र २०, १९, १९, १४ अशी बरीचशी स्थिर राहिली. म्हणजे सगळा उतार पुण्याचा होता, आणि पुण्यात एम, एल तिसऱ्या आठवड्यातच संपले होते. उरलेल्या बासष्ट पिसांत चोवीस एस, बारा एक्सएल आणि सव्वीस डबल एक्सएल. धंद्यात याला साइज सेट तुटला म्हणतात. आठवड्याला तीन पीस जातात या हिशेबाने पुण्याचं कव्हर वीस आठवड्यांहून जास्त निघतं. आकडा म्हणतो माल जास्त झाला. खरं म्हणजे पुण्यात माल कमी पडला होता.

हा या मापांचा सगळ्यात मोठा धोका आहे. विक्रीचा आकडा मागणी मोजत नाही, शिल्लक असलेल्या मालातून जेवढी मागणी पुरी झाली तेवढीच मोजतो. जी बाई एम साइज विचारून परत गेली तिची नोंद कुठेच होत नाही. म्हणून ज्या आठवड्यात मुख्य साइज संपलेली आहे, तो आठवडा सरासरीतून वगळायला हवा, किंवा निदान त्याच्यापुढे खूण तरी करायला हवी.

झारासारख्या जगभर पसरलेल्या कंपनीलाही हा प्रश्न सोडवावा लागला. तिथल्या दुकानांत एखाद्या स्टाइलच्या मुख्य साइज संपल्या की उरलेले पीसही शेल्फवरून काढून मागच्या खोलीत ठेवायची पद्धत होती, कारण आवडलेला कपडा आपल्या मापात नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक चिडतं आणि ती जागा दुसऱ्या स्टाइलला उपयोगी पडते. फेलिपे कारो आणि जेरेमी गालिएन या संशोधकांनी कंपनीबरोबर काम करून कुठल्या दुकानाला कुठली साइज किती पाठवायची याचं गणित बसवलं, तेव्हा ही पद्धत त्यात मुद्दाम धरली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार नव्या वाटपाने विक्री तीन ते चार टक्क्यांनी वाढली. कपडे तेच, किमती त्याच, फक्त योग्य साइज योग्य दुकानात.

आपल्या व्यापाऱ्याने सोमवारी काय करावं? बाकीच्या तीन दुकानांत प्रत्येकी चोवीस पीस विकले गेले, त्यांत आठ एम आणि आठ एल. म्हणजे प्रत्येक दुकानात दोन्ही साइजचे बावीस-बावीस पीस आहेत आणि आठवड्याला दोन-दोन जातात. आठ आठवड्यांत सोळा-सोळा लागतील. प्रत्येकाकडून दहा एम आणि दहा एल काढले तर त्यांच्याकडे बारा-बारा उरतात, सहा आठवड्यांपुरते. पुण्याला साठ पीस मिळतात. पहिल्या दोन आठवड्यांचा वेग पाहता पुण्यात ते दोन-तीन आठवड्यांत पूर्ण किमतीला जायला हरकत नाही. नागपूरच्या व्यवस्थापकाला हे आवडणार नाही. आपल्या दुकानातला चालू साइजचा माल कोणालाच द्यावासा वाटत नाही, आणि त्याची नाराजी समजण्यासारखी आहे. पण ते वीस पीस नागपुरात शेवटी सेलमध्ये जाण्याची शक्यता जास्त.

या बदलीने सगळं प्रकरण मिटत नाही. चारही दुकानं मिळून एसचे १०८ आणि डबल एक्सएलचे ११० पीस शिल्लक आहेत, म्हणजे उरलेल्या ४४० पैकी जवळजवळ निम्मे. चार आठवड्यांत या दोन साइज मिळून बावीसच गेल्या. आहे त्या वेगाने त्यांना चाळीसच्या आसपास आठवडे लागतील. ही चूक खरेदीच्या वेळची आहे आणि कुठल्याही बदलीने ती भरून निघणार नाही. इथे किंमत उतरवणं योग्य, आणि लवकर उतरवणं जास्त योग्य. एप्रिलमध्ये वीस टक्के सूट दिली तर पिसाला ९६० रुपये येतात. मे अखेरीस पन्नास टक्के दिली तर सहाशे. या दोन साइज एखाद्या दुकानात ‘कट साइज’च्या स्टँडवर एकत्र आणल्या तर बाकीच्या ठिकाणी मोरपंखी कुर्त्याची पूर्ण किंमत टिकते. मात्र सुटीत विकलेल्या पिसांचा सेल-थ्रू वेगळा लिहावा. पूर्ण किमतीचा ७० टक्के आणि अर्ध्या किमतीचा ७० टक्के एकाच रकान्यात आले, तर पुढच्या वर्षी खरेदी करणारा माणूस हीच स्टाइल पुन्हा उचलेल.

अंजिरीचं काय? चढता वेग पाहून आणखी दोनशे मागवावेत असं कुणालाही वाटेल. इथे कव्हरची तुलना पुरवठ्याला लागणाऱ्या वेळेशी करायची. कापड, छपाई, शिलाई आणि वाहतूक मिळून सहा आठवडे लागत असतील, तर चौथ्या आठवड्याच्या अखेरीस दिलेली ऑर्डर दहाव्याच्या अखेरीस पोचेल आणि विकायला दोन आठवडे मिळतील. दोनशे पिसांसाठी ते फार थोडे. मी असतो तर तयार माल दोन आठवड्यांत देणारा कुणी असेल तरच घेतला असता, आणि तोही फक्त एम-एलमध्ये. शिवाय नवा माल आला की त्या दिवशी सेल-थ्रू खाली येतो, कारण भागायचा आकडा वाढतो. विक्री मंदावली असं समजून घाबरू नये.

सणासुदीत मात्र मागच्या विक्रीवरून काढलेलं कव्हर हमखास फसवतं. दिवाळीच्या आठवड्यात दोनशे पीस गेले आणि सहाशे उरले, तर हिशेब सांगतो की माल तीन आठवड्यांचा आहे. भाऊबीज झाली की विक्री चाळीसवर येते आणि तेच सहाशे पीस पंधरा आठवड्यांचे होतात. म्हणून अशा वेळी भागाकार सोडून वजाबाकी करावी: येणाऱ्या प्रत्येक आठवड्यात किती जातील याचा अंदाज लिहायचा, साठ्यातून एकेक आठवडा वजा करत जायचं आणि साठा कितव्या आठवड्यात शून्य होतो ते पाहायचं. अंदाजासाठी गेल्या वर्षीची विक्री घ्यायची, पण तारखेने नव्हे, सणाने जुळवून, कारण दिवाळी दर वर्षी सरकते.

पुण्याला पाठवलेल्या साठ पिसांचा निकाल कळायला महिना लागत नाही. पुढच्या दोन सोमवारी फक्त एम आणि एलची विक्री पाहायची. दोन आठवड्यांत त्यातले चाळीसच्या पुढे गेले, तर स्टाइल चांगली होती आणि वाटप चुकलं होतं. पंधराच गेले, तर पहिल्या आठवड्याची गर्दी नवलाईची होती, आणि मग सगळ्या साइजवर वीस टक्के सूट त्याच सोमवारी लावायची.