कोणाचे मत, कोणाच्या नावावर

‘मॅडम, सारांश जोडला आहे. कृपया बघून कळवावे.’ एवढ्याच मजकुराचा ईमेल आला, तर उत्तरही बहुधा तितकेच मोघम जाते : ‘छान आहे. शुद्धलेखन तपासून घे.’ मूळ लेखातले म्हणणे सारांशात नीट उतरले की नाही, हे दोघींपैकी कोणीच तपासलेले नसते.

समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या एका निबंधाचा सारांश लिहायचा आहे, असे समजू. भारतातील जातिसंस्थेवरचा हा निबंध त्यांनी ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचला. आरंभी ते सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या व्याख्या तपासतात. स्वतःचे म्हणणे त्यानंतर मांडतात. सारांश घसरतो तो नेमका इथेच.

विद्यार्थिनी लिहिते, ‘आंबेडकरांच्या मते जातीची दोन लक्षणे आहेत : जातीबाहेर विवाहाला बंदी आणि जन्मानेच मिळणारे सदस्यत्व.’ वाक्य बिनचूक वाटते, पण ही लक्षणे श्रीधर व्यंकटेश केतकरांनी सांगितलेली आहेत. आंबेडकर केतकरांचे श्रेय मान्य करतात आणि पुढे म्हणतात की ही दोन लक्षणे वेगळी नाहीतच. बाहेर लग्नच होऊ द्यायचे नाही म्हटल्यावर बाहेर जन्मलेल्याला आत येण्याची वाटही बंद होते.

पुढचा सगळा युक्तिवाद याच बंदीवर उभा आहे. गटातल्या गटातच लग्ने लावायची, तर विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या जुळली पाहिजे. जोडीदार गेल्यावर मागे उरलेली विधवा किंवा विधुर हे गणित बिघडवतात. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालिकाविवाह यांची संगती आंबेडकर अशी लावतात. ‘लेखकाने तीन कुप्रथांवर टीका केली आहे’ असे लिहिले, की हा कार्यकारणभाव गळून पडतो.

ही शंका मनात असलेल्या विद्यार्थिनीचा ईमेल असा असेल :

‘नमस्कार मॅडम, जातिसंस्थेवरच्या निबंधाचा सारांश जोडला आहे. दुसऱ्या परिच्छेदात मी दोन्ही लक्षणे आंबेडकरांच्या नावावर लिहिली आहेत, पण पुन्हा वाचताना ती केतकरांची वाटली. माझे कुठे चुकले? तिसऱ्या परिच्छेदात सतीचा आणि विवाहबंदीचा संबंध स्पष्ट होतो का? सारांश शुक्रवारी द्यायचा आहे. बुधवारपर्यंत या दोन परिच्छेदांबद्दल कळवलेत, तर दुरुस्ती करता येईल.’

आता मॅडमना पूर्ण मजकुरात चुका शोधत बसायचे नाही. दोन परिच्छेद मूळ पानांशी ताडून त्या कळवतात : ‘लक्षणे केतकरांचीच, ती एकच कशी, हे आंबेडकरांचे. तिसऱ्या परिच्छेदात आधी संख्येचा प्रश्न मांड, मग प्रथा सांग. आणखी एक : ब्राह्मणांनी दारे लावून घेतल्यावर इतरांनी त्यांचे अनुकरण केले, हा निबंधाचा महत्त्वाचा भाग तुझ्या सारांशात आलाच नाही. चार व्याख्यांचा तपशील कमी कर आणि त्या जागी तो घे.’