तिकीट बंद, काम उघडं

सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, त्याचा दिवस तिकिटांवर चालतो. प्रत्येक कामाचं एक तिकीट असतं. ते कुणाकडे आहे, कधीपर्यंत व्हायला हवं, सध्या कुठल्या टप्प्यावर आहे, हे सगळं त्यावर लिहिलेलं असतं. ही तिकिटं सांभाळणारं बहुधा सर्वांत परिचित साधन म्हणजे सिडनीच्या ॲटलासियन कंपनीचं 'जिरा'. २००२ साली ते आलं, आणि आज पुण्या-बंगळुरूच्या कितीतरी टीमची सकाळ त्याच्या बोर्डासमोर उभं राहून सुरू होते.

जिरात 'ऑटोमेशन' नावाची सोय आहे. अमुक घडलं की तमुक कर, असा रूल एकदा लिहून ठेवायचा. पुढे माणसाने हात लावायची गरज नाही. सर्वाधिक लिहिला जाणारा रूल स्टेटसवर बेतलेला असतो. तिकीट 'टेस्टिंग'मध्ये गेलं की ते टेस्टरच्या नावावर कर, 'डन'मध्ये गेलं की 'रिझोल्यूशन' हा रकाना भर. दोन मिनिटांत रूल तयार होतो, कोड लिहावा लागत नाही. बहुतेक गोंधळाची सुरुवातही इथेच होते, आणि त्यासाठी हा रिझोल्यूशनचा रकानाच नीट पाहण्यासारखा आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, स्टेटस 'डन' झालं म्हणजे काम संपलं. जिराचे अनेक हिशेब मात्र स्टेटस बघतच नाहीत. रिझोल्यूशन रिकामं आहे की भरलेलं, एवढंच ते पाहतात. रिकामं असेल तर काम उघडं; काहीही भरलेलं असेल तर निकालात निघालेलं. 'माझी उघडी कामं' दाखवणारा जिराचा तयार फिल्टर असा आहे:

```
assignee = currentUser() AND resolution = Unresolved
```

यात स्टेटसचा उल्लेखही नाही. बोर्ड मात्र स्टेटसवर चालतो. सोसायटीत तक्रारींची एक वही रखवालदाराकडे आणि दुसरी सेक्रेटरीकडे असावी, आणि एकीत केलेली दुरुस्ती दुसरीत आपोआप उतरू नये, तसं हे आहे. जिराच्या काही तयार मांडण्यांत हे दोन्ही आपोआप जुळवलेले असतात. कंपनीने स्वतःच्या सोयीने मांडणी घडवली, की ते जुळवायचं काम कुणाच्या तरी रूलवर येऊन पडतं.

आता एक तिकीट घेऊ. विम्याच्या हप्त्याची पावती चुकीची तारीख छापते, अशी तक्रार आहे. डेव्हलपर दुरुस्ती करतो, तिकीट 'डन'मध्ये जातं, रूल चालतो आणि रिझोल्यूशन भरलं जातं. इथवर सगळं ठीक. दोन दिवसांनी टेस्टरला दिसतं की फेब्रुवारीच्या पावत्यांत चूक तशीच आहे. ती तिकीट ओढून परत 'इन प्रोग्रेस'मध्ये टाकते. स्टेटस मागे येतं. रिझोल्यूशन मागे येत नाही, कारण ते रिकामं करायला कुणी सांगितलेलंच नाही. रूल फक्त 'डन'मध्ये शिरण्याकडे डोळे लावून बसलेला असतो. बाहेर पडण्याकडे त्याचं लक्ष नसतं.

पुढचा परिणाम मजेशीर आहे, अर्थात त्यात अडकलेल्यांना तो मजेशीर वाटत नाही. टीम लीडला बोर्डावर तिकीट चालू दिसतं, तो निर्धास्त. डेव्हलपर सकाळी आपल्या उघड्या कामांची यादी काढतो. त्यात हे तिकीट नसतं. महिन्याच्या रिपोर्टात ते निकाली निघालेल्यांत मोजलं जातं. तिघांनी तीन पडदे बघितले आणि एकाही पडद्याने खोटं सांगितलं नाही. मग मीटिंगमध्ये 'तू हे घेतलंस का नाही?' असा सूर निघतो आणि दोष माणसावर जातो.

यावर उपाय म्हणून लोक उलटा रूल लिहितात: तिकीट 'डन'मधून बाहेर पडलं की रिझोल्यूशन काढून टाक. विचार बरोबर आहे, पण त्यातही एक खड्डा आहे. पूर्वी कुणीतरी रिझोल्यूशनच्या पर्यायांत 'Unresolved' नावाचा पर्याय घालून ठेवलेला असतो. रूल लिहिणारा रकाना रिकामा करण्याऐवजी हा पर्याय निवडतो. माणूस त्याचा अर्थ 'निकाल लागलेला नाही' असा लावतो. जिराला मात्र रकान्यात काहीतरी भरलेलं दिसतं, म्हणजे काम संपलं! रकाना खरोखर रिकामाच करावा लागतो, आणि असा पर्याय यादीत सापडला तर तो काढून टाकलेला बरा.

दुसरा घोटाळा याच्या बरोबर उलट आहे, आणि तो जास्त दिवस लपून राहतो. समजा टीमने आणखी एक रूल लिहिला: कोड मुख्य शाखेत मिसळला की तिकीट आपोआप 'डन'मध्ये टाक. तिकीट 'डन' होतं, पण रिझोल्यूशन रिकामंच राहतं. 'डन' झालं की भरणारा तो पहिला रूल कुठे गेला? तो जागेवरच आहे, पण चालला नाही. एका रूलने केलेल्या बदलामुळे दुसरा रूल सुरू होऊ नये, अशी जिराची मूळ मांडणी आहे. रूलच्या तपशिलात 'Allow rule trigger' असा एक चौकोन असतो आणि तो सुरुवातीला कोराच असतो. त्यात खूण केली तरच रूल दुसऱ्या रूलच्या हालचालीला दाद देतो. माणसाने हाताने ओढलेली तिकिटं नीट बंद होतात आणि यंत्राने ढकललेली अर्धवट राहतात. ज्याने हाताने ओढून तपासलं त्याला रूल चोख चालताना दिसतो, म्हणून तर ही चूक लवकर सापडत नाही.

तो चौकोन मुळात कोरा का ठेवला असेल, हे समजून घेतलं की चिडचिड कमी होते. 'तिकीट कुणाच्या नावावर गेलं की स्टेटस बदल' आणि 'स्टेटस बदललं की नाव बदल' असे दोन रूल दोन वेगळ्या माणसांनी लिहिले, तर ते एकमेकांना पळवत राहतील. जिरा अशी साखळी ओळखून काही फेऱ्यांनंतर तोडतो, पण तोपर्यंत तिकिटाच्या इतिहासात बदलांच्या ओळींची रांग लागते. म्हणून सगळ्याच रूलांवर सरसकट खूण करत सुटणं शहाणपणाचं नाही. रिझोल्यूशन भरणाऱ्या रूलवर ती करावी, कारण तो स्टेटसला हात लावत नाही आणि त्यातून फेरा सुरू होण्याचा धोका कमी असतो.

आपल्याकडे असं घडलंय का, हे कळायला जिराच्या शोधचौकटीत दोन ओळी पुरतात. एकदा पहिली चालवायची, मग दुसरी:

```
statusCategory != Done AND resolution IS NOT EMPTY
statusCategory = Done AND resolution IS EMPTY
```

पहिलीत परत उघडलेली पण बंद समजली जाणारी तिकिटं सापडतात, दुसरीत बंद होऊनही उघडी राहिलेली. एखादं तिकीट उघडून त्याचा इतिहास पाहा. बदलासमोर माणसाऐवजी 'Automation for Jira' हे नाव दिसलं, तर तो बदल रूलने केलेला असतो. कुठल्या रूलने, ते ऑडिट लॉगमध्ये कळतं.

रूल दुरुस्त केल्याने जुनी तिकिटं मात्र सुधारत नाहीत. नवा रूल पुढच्या हालचालींनाच लागू होतो. जुन्यांसाठी वरच्याच ओळी वापरून वेळापत्रकावर चालणारा एक रूल लिहावा, एकदा चालवावा आणि बंद करावा. मेल पाठवण्याची खूण त्यात काढून ठेवा, नाहीतर शेकडो सूचना सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये येतील. या साफसफाईने प्रत्येक तिकिटाची 'शेवटचा बदल' ही तारीखही नवी होते. त्यामुळे त्या तारखेवर लावलेल्या याद्यांत वर्षभरापूर्वीची कामं एकदम वर येतील. टीमला हे आधी सांगून ठेवलेलं बरं.

तुमच्या टीममध्ये जिरा असेल, तर पुढच्या मासिक रिपोर्टआधी या दोन ओळी चालवून बघा. दोन्हींचं उत्तर शून्य यायला हवं. येत नसेल, तर किती कामं संपली हा रिपोर्टातला आकडा साहेबांपुढे ठेवू नका.